दुसऱ्याच्या हातांचे आरोग्य

डॉ. उझैर सोलकर यांनी आयुष्याची एकोणीस वर्षे खर्ची घालून एक ग्रंथ लिहिला आणि जगाने त्याच्या एकेचाळीस प्रती विकत घेतल्या. त्यांतल्या चौदा प्रतींपुरते जग म्हणजे ते स्वतःच होते. ग्रंथाचा विषय होता तुर्की माणसांची शुभवचने: कोणी जेवायला बसले तर काय म्हणावे, जेवून उठल्यावर काय म्हणावे, नव्या घरात पाऊल टाकताना काय म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने त्यावर काय उत्तर द्यावे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या फारसी विभागात, जिथे विद्यार्थ्यांपेक्षा खुर्च्या अधिक आणि खुर्च्यांपेक्षा वाळवी अधिक, तिथे बसून त्यांनी हे काम पुरे केले. ज्या देशाविषयी लिहिले त्या देशात ते एकदाच, अकरा दिवस, जाऊन आले होते. त्या अकरांतले चार दिवस पोट बिघडल्यामुळे वसतिगृहाच्या खोलीत पेज पीत गेले. तुर्की भोजनसंस्कृतीच्या अभ्यासकाला ही गोष्ट प्रस्तावनेत नमूद करावीशी वाटली नाही.

ग्रंथावर कोणी चार ओळीही लिहिल्या नाहीत. त्याबद्दल सोलकरांच्या मनात जो राग होता तो उकळता नव्हता. फ्रीजरमधल्या मटणासारखा तो थंड, कडक आणि टिकाऊ होता, आणि दर काही महिन्यांनी ते तो बाहेर काढून, अजून ताजा आहे ना हे पाहून, परत आत ठेवत.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांची पत्नी बिलकीस मुलीकडे, नबिलाकडे, राहायला आखातात आले. रोज अजमानहून अबू धाबीला गाडी हाणून जावई फहदचे कंबरडे मोडले होते, म्हणून त्या वसंतात सगळे कुटुंब अजमान सोडून अबू धाबीच्या खलिफा सिटीतल्या एका नव्या फ्लॅटमध्ये आले. आणि एका संध्याकाळी फहदने सहज सांगितले की आपल्या डिपार्टमेंटच्या हेड, सेव्हिम हानिम, नवे घर बघायला शनिवारी दुपारी जेवायला येणार आहेत.

“हानिम म्हणजे बाई. तुर्कीत नावानंतर लावतात,” सोलकर म्हणाले. कोणी विचारले नव्हते.

“अब्बा, त्या इथल्या तुर्की बायकांचा एक ग्रुप चालवतात,” फहद म्हणाला. “दर महिन्याला कुणाला तरी बोलावतात. लेक्चर, डेमो, असं काहीतरी.”

फ्रीजरचे दार किलकिले झाले. सोलकर त्या क्षणापासून व्याख्यानाच्या तयारीला लागले. श्रोत्या तुर्की, विषय तुर्की, वक्ता रत्नागिरीचा: एकोणीस वर्षांचा हिशेब चुकता करायला याहून चांगले सभागृह कुठले? आमंत्रण मिळवायचे तर शनिवारी एकही वचन चुकता कामा नये, हे त्यांनी ठरवले. जेवण काय असावे हे बिलकीसने ठरवले: मटणाचा रस्सा आणि सांदण. म्हणजे भिजवलेल्या तांदळाच्या रव्यात नारळाचे दूध घालून, ते आंबवून, लहान वाट्यांत वाफवलेले पांढरे, जाळीदार गोळे. आंबवणे साधले तर कापूस. फसले तर पायताण.

शनिवारी सेव्हिम हानिम आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस आखूड कापलेल्या. त्यांनी दारातच बूट काढले. सोलकर पुढे झाले आणि “होश गेल्दिनिझ” म्हणाले, म्हणजे ‘सुखाने आलात’. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी रीतीप्रमाणे “होश बुल्दुक” म्हटले, म्हणजे ‘आम्हांला सुखच सापडले’. मग हातातली कॉफीच्या सहा छोट्या कपांची पेटी नबिलाकडे देत, खोलीवरून नजर फिरवून, त्या म्हणाल्या, “ग्युले ग्युले ओतुरुन.”

सोलकरांनी डोळे मिटले. ग्रंथातले संपूर्ण चौथे प्रकरण या तीन शब्दांवर होते. हसत हसत राहा: नव्या घरात राहायला आलेल्यांसाठी हे वचन. घर विकत घेतलेले असो की भाड्याचे, त्याचे त्या वचनाला सोयरसुतक नाही, कारण ते भिंतींना उद्देशून नसतेच; आत राहणाऱ्यांचे हसू टिकावे एवढेच ते मागते. हे सगळे त्यांनी तिथेच, दारात, बाईंना बसायला सांगण्यापूर्वी, बाईंनाच समजावून सांगितले. बाईंनी ते उभ्याने ऐकून घेतले.

जेवण सुरू झाले तेव्हा सोलकरांनी यजमान या नात्याने “अफियेत ओल्सुन” म्हटले. आरोग्य लाभो, अन्न अंगी लागो. आपल्या खैर-आफियतीतलाच तो आफियत शब्द, हेही त्यांनी सांगितले. ते म्हणण्याचा त्यांना हक्कच होता. हे वचन कोणीही कोणत्याही जेवणाऱ्याला म्हणू शकतो, रस्त्याने जाणारासुद्धा. बिलकीस वाढत होती, उठत होती, आतून गरम सांदण आणत होती. सोलकर बोलत होते. जेवणाचे पैसे दुसऱ्याने भरले तर तुर्क ‘केसेनिझे बेरेकेत’ म्हणतात, म्हणजे तुमच्या थैलीला बरकत येवो. हेही त्यांनी सोडले नाही, जरी तिथे कोणी कोणाचे बिल भरत नव्हते.

जेवण संपले. सेव्हिम हानिमनी हातातला चमचा खाली ठेवला आणि टेबलाच्या टोकाशी रिकामे भांडे घेऊन उभ्या असलेल्या बिलकीसकडे पाहून त्या म्हणाल्या, “एलिनिझे सालक.”

तुमच्या हातांना आरोग्य. ज्याने रांधले त्याला जेवणाऱ्याने म्हणायचे हे वचन. त्यावर रांधणाऱ्याने उत्तर द्यायचे: ‘अफियेत ओल्सुन’. म्हणजे तू माझ्या हातांचे भले चिंतलेस, मी तुझ्या देहाचे चिंततो. असा हा परतीचा व्यवहार. बिलकीसने श्वास घेतला. तिचे ओठ विलगले.

“अफियेत ओल्सुन,” सोलकर म्हणाले.

सेव्हिम हानिमची मान बिलकीसकडून त्यांच्याकडे वळली. हात हलवत त्यांनी तुर्कीत विचारले, हे सगळे तुम्ही केलेत? केवढे कौशल्य! पुरुष असून!

आता ‘नाही’ या अर्थाचा तुर्की शब्द ‘हायिर’ असा आहे. तीन अक्षरी. कोणत्याही भाषेच्या पहिल्या धड्यात शिकवतात. पण सोलकरांना पहिला धडा येत नव्हता असे नाही; त्यांना पंचविसावाही येत होता, हा घोटाळा होता. स्तुती झाली की सुसंस्कृत तुर्क डोळे खाली घालून ‘एस्तागफुरुल्लाह’ म्हणतो: छे छे, एवढे काय त्यात. हे वचन त्यांना अकरा दिवसांत कोणाला म्हणायची संधी मिळाली नव्हती, कारण त्यांची कोणी स्तुतीच केली नव्हती. ते छातीवर हात ठेवून, डोळे खाली घालून, उत्तम उच्चारात म्हणाले, “एस्तागफुरुल्लाह.”

विनय इतका निर्दोष होता की त्यातून कबुलीखेरीज दुसरे काही निघूच शकत नव्हते.

बिलकीस भांडे घेऊन आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

सोमवारी फहद ऑफिसातून आला तो हसतच. सेव्हिम हानिमनी अब्बांना येत्या शनिवारी आपल्या घरी, ग्रुपपुढे, बोलावले होते. सोलकर उभे राहिले. विषय कोणता ठरला, असे त्यांनी शक्य तितक्या उदासीन आवाजात विचारले.

“सांदण,” फहद म्हणाला. “डेमो. आठ-दहा बायका असतील. ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय त्यांनी, फहदचे सासरे काय कुक आहेत म्हणून. मला वाटलं अम्मींनी केलं होतं?”

सोलकरांनी बाजू मांडली. यजमानाला ते उत्तर देण्याचा अधिकार आहे, असे काही प्रांतांतले दाखले आहेत, दुसरे वचन तर विनयाचे, गैरसमज समोरच्याचा. आपण आत्ताच फोन करून खुलासा करू, तळटिपेसह. बिलकीस कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“फोन नको. जावयाची साहेब आहे ती. सासरा खोटं बोलला म्हणून सांगणार काय तिला? जा तुम्ही. करा सांदण. तुमचेच हात ना?”

“बिलकीस, मला सांदण येत नाही.”

“मला तुर्की येत नव्हतं,” ती म्हणाली आणि निवडलेली कोथिंबीर घेऊन उठली.

त्या वाक्याचा अर्थ नबिलाने लावून दिला, बाल्कनीत, दार लोटून घेऊन. नबिला दवाखान्यात काम करीत होती. तिथल्या रिसेप्शनवरच्या तुर्की मुलीकडून तिने आईसाठी एक व्हॉइस मेसेज आणला होता. अम्मी आठवडाभर नारळ खवताना तो ऐकत होती आणि मागून म्हणत होती. दोनच शब्द: अफियेत ओल्सुन.

“पण तिला कसं ठाऊक की सेव्हिम हानिम काय म्हणणार?”

“अब्बा,” नबिला म्हणाली, “तुमच्या पुस्तकाची प्रुफं कुणी वाचली होती? तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी?”

बिलकीसने वाचली होती. मोठ्याने, ओळ ओळ करून, दोन महिने, शेगडीवरचे दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा तिकडे ठेवून. पाचवे प्रकरण, ‘रांधणाऱ्याच्या हातांसाठीची वचने’, तिने तीनदा वाचले होते कारण सोलकर त्यात तीनदा दुरुस्त्या करीत होते. त्या ग्रंथाच्या एकेचाळीस प्रती खपल्या, पण त्याला मन लावून वाचणारे एकच माणूस लाभले होते. आणि त्या वाचकाने आयुष्यात पहिल्यांदा त्यातला एक प्रयोग करून पाहायचे ठरवले, त्यासाठी पहाटे पाचला उठून रांधले, बोलणारी समोर बसवली, उत्तर ओठांवर आणले, आणि लेखकाने ते तोंडातून काढून घेतले. समीक्षकांनी सोलकरांवर जो अन्याय केला होता तो यापुढे फारच माफक वाटू लागला. निदान त्यांनी ग्रंथ वाचून तसे केले नव्हते.

मग शनिवारपर्यंत सोलकरांनी सांदणाचे अध्ययन केले. बिलकीसने हात लावला नाही आणि प्रश्नांना जी उत्तरे दिली त्यांत ‘अंदाजाने’ हा शब्द इतक्या वेळा आला की त्यांना त्यावर एक टिपण करावेसे वाटले. पाणी किती? अंदाजाने. नारळाचे दूध? रवा मागेल तितके. रवा कसा मागतो, असे त्यांनी विचारले तेव्हा तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला कसे वाटत असेल हे त्यांना छत्तीस वर्षांच्या अध्यापनानंतर कळले. गावी आंबवायला माडाच्या झाडाची माडी घालत. इथे सुपरमार्केटातले यीस्ट. पहिले पीठ फुगलेच नाही. दुसरे इतके फुगले की पातेल्यातून उतरून ओट्यावरून चालू लागले. तिसऱ्या खेपेस वाट्या काढताना वाफ मनगटावर आली आणि दोन बोटांना फोड. बिलकीसने मलमाची ट्यूब टेबलावर ठेवली. तिच्या स्वतःच्या मनगटावर तसल्याच जुन्या डागांची एक ओळ होती. चाळीस वर्षे ते मनगट त्यांना ताट देत आले होते. त्यांनी त्यावरचे लिखाण आज प्रथमच वाचले.

रात्री, जेवणानंतर, तिला काहीतरी म्हणावे असे त्यांच्या मनात येई. पण आता काहीही म्हटले तरी ते उद्धरणासारखे वाटले असते. म्हणून ते ताट उचलून ठेवत, जे त्यांना तितकेच नवे होते.

शनिवारी दुपारी सेव्हिम हानिमच्या घरी सात बायका जमल्या. बिलकीस आणि नबिला बरोबर होत्या, पाहुण्या म्हणून. सोलकरांनी ॲप्रन बांधला, फोड आलेल्या बोटांनी आंबलेले पीठ वाट्यांत ओतले आणि विद्वत्तेचा आधार सोडून वाफेच्या आधारे उभे राहिले. गप्पा चालू होत्या. वीस मिनिटांनी झाकण काढले. सांदण फुगले नव्हते. कडेला थोडे उचलले होते, मध्ये बसले होते, आणि सुरी घालताना एक असा आवाज झाला जो खाद्यपदार्थातून येऊ नये.

त्यांनी ते वाढले. दुसरा इलाज नव्हता. बायकांनी तुकडे मोडले, चावले, पुन्हा चावले. कोणी तोंड वाकडे केले नाही आणि कोणी ‘छान’ असेही म्हटले नाही. मग पहिल्या बाईने ताटली ठेवली, त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे नव्हे तर हातांकडे, पाहिले आणि म्हणाली, “एलिनिझे सालक.” दुसरीने म्हटले. तिसरीने. एकामागून एक सातही जणींनी, सरळ, गंभीरपणे म्हटले.

सोलकरांना आपल्या ग्रंथाचे एकशे बारावे पान दिसले. तिथे त्यांनी या वचनाला ‘भोजनप्रशंसेचे सूत्र’ असे म्हटले होते. एवढे कळकळीचे, एवढ्या दाखल्यांचे, आणि समूळ चुकीचे वाक्य. समोरच्या पायताणाची कोणी प्रशंसा करीत नव्हते. पदार्थ कसा झाला याच्याशी त्या वचनाचे देणेघेणेच नव्हते. कोणाचे तरी हात आपल्यासाठी भाजले, चिरले, दुखले, ते बरे राहोत, इतकेच ते होते. एकोणीस वर्षे ताटाकडे पाहून त्यांनी लिहिले. हातांकडे पाहायचे राहिले, कारण हात नेहमी स्वयंपाकघरात असत आणि ते नेहमी लिहायच्या खोलीत.

साती जणी उत्तराची वाट पाहत होत्या. यावेळी उत्तर त्यांचे होते. त्यांनी ते दिले, आणि मग त्यांनी तुर्कीतच पुढे सांगितले की आजचे उत्तर माझे आहे, गेल्या शनिवारचे नव्हते. ते जेवण माझ्या बायकोचे होते, पहाटे पाचपासूनचे. उत्तरही तिने पाठ केले होते. मी दोन्ही चोरले, आणि त्याबद्दल माझी स्तुती झाली तेव्हा विनयाने मान झुकवली. एवढे शुद्ध तुर्की ते आजवर बोलले नव्हते. त्यात एकही दाखला नव्हता.

मग सेव्हिम हानिम इंग्रजीत, सगळ्यांना कळावे म्हणून, म्हणाल्या, “डॉक्टर, मला माहीत होतं. जेवण होईपर्यंत तुम्ही एकदाही खुर्चीवरून उठला नाहीत. ज्याने रांधलं तो असा बसत नाही.”

“मग बोलावलंत का?”

“माझे वडील असेच होते. त्यांनाही कधीतरी ॲप्रनमध्ये बघायचं होतं,” त्या म्हणाल्या. बायका हसल्या, नबिला सगळ्यांत मोठ्याने.

मग सेव्हिम हानिम बिलकीसकडे वळल्या, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि ते वचन म्हटले. या एका उत्तराने सगळे फिटेल असे त्यांना वाटले, आणि असे वाटण्यात पुन्हा स्वतःचीच सोय पाहिली होती हे त्यांना पुढच्याच क्षणी कळले. बिलकीसने हात सोडवून घेतले नाहीत, पण मान हलवली.

“नबिला, सांग त्यांना,” ती म्हणाली. “आज मी काही केलं नाही. आज यांनी केलंय. त्याचं उत्तर मी कसं देऊ?”

नबिलाने सांगितले. सेव्हिम हानिमनी मान डोलावली, आणि सोलकरांच्या लक्षात आले की या खोलीत शुभवचनांचे शास्त्र ज्यांना खरेच कळते अशा दोघी आहेत, आणि त्यांपैकी कोणीही ग्रंथ लिहिलेला नाही.

घरी परतताना गाडीत दर वेळी वळणावर बिलकीस आपला हात दोघांच्या मधल्या सीटवर टेकवी तसा तिने टेकवला, आणि सोलकरांच्या मलम लावलेल्या बोटांना तो लागू नये म्हणून जरा सरकवून घेतला.

रविवारी सकाळी सोलकर उठून बाहेर आले तेव्हा बिलकीस टेबलाशी बसली होती. समोर दोन कप चहा. आले घातलेला, वाफाळता. त्यांनी एक घोट घेतला. व्याख्यान नाही, प्रस्तावना नाही, श्रोते नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, तिच्या हातांकडे पाहिले, त्या डागांच्या ओळीकडे, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, घाईने, जवळजवळ लाजत, एकेरीत म्हणाले, “एलिने सालक.”

बिलकीसने त्यांच्याकडे पाहिले. मग तिचे खांदे हलू लागले. जेवणाच्या त्या शनिवारनंतर ती पहिल्यांदाच हसत होती, पदराने डोळे पुसत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडावर हात ठेवून.

“चहा फहदनं केलाय,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. जावई रविवारी लवकर उठतो आणि चहा करतो, हे सोलकरांना या घरात राहायला आल्यापासून कळायला हवे होते. ते उठले.

“जा, म्हणा त्याला,” बिलकीस म्हणाली. “आणि मला म्हणायचं ते दुपारी बघा. मी बांगडे आणायला सांगितलेत.”

सोलकरांनी घड्याळाकडे पाहिले. पावणेआठ वाजले होते.